एमएसच्या शिफारसपत्रासाठी सरांना मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या इनबॉक्समध्ये एलओआर म्हणजे शिफारसपत्र मागणाऱ्या मेलांची रांग लागते. खाली दिलेले प्रश्न विद्यार्थ्यांनी केबिनच्या दारात उभं राहून, व्हॉट्सॲपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही विचारलेले आहेत. आमच्याकडची बहुतेक मुलं अमेरिकेला जातात, म्हणून उत्तरंही तिथल्या अर्जांना धरून आहेत. बाकी देशांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

मेल करायचा की आधी प्रत्यक्ष भेटायचं?

कॉलेजात असाल तर भेटा. पण भेटून आल्यावर त्याच दिवशी मेल कराच. कॉरिडॉरमध्ये "हो हो, देतो" म्हटलेलं संध्याकाळपर्यंत मी विसरलेलो असतो. त्यात खोटेपणा नसतो, मधे तीन लेक्चरं, एक मीटिंग आणि सबमिशनच्या फायलींचा गठ्ठा येऊन गेलेला असतो. पास होऊन बाहेर पडला असाल तर थेट मेल केला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. मेलआधी फोन मात्र करू नका. फोनवर माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही, भिडेखातर "हो" म्हटलं जातं आणि तसं भिडेखातर लिहिलेलं पत्र तुमच्या काही कामाचं नसतं.

कोणाला विचारावं? एचओडींची सही वजनदार नाही का?

पत्र वाचणारा प्राध्यापक तिकडे परदेशात बसलेला असतो. आपल्या एचओडींचं नाव त्याने ऐकलेलं नसतं आणि प्राचार्यांचंही नसतं. तुमचं काम जवळून कोणी पाहिलं, एवढंच त्याला हवं असतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन पत्रं मागतात. एक प्रोजेक्ट गाइडचं, एक अर्जाच्या विषयाशी संबंधित पेपर आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकाचं, आणि इंटर्नशिप किंवा नोकरी केली असेल तर तिथल्या वरिष्ठाचं, अशी वाटणी बरी पडते. एचओडींनी तुम्हाला खरोखर शिकवलं असेल तर त्यांना विचारायला हरकत नाही, नुसत्या खुर्चीसाठी विचारू नका.

किती दिवस आधी विचारायचं?

पहिल्या मुदतीच्या सहा आठवडे आधी. फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राच्या, अर्जांच्या मुदती साधारण 1 डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या असतात. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत ओरल, प्रॅक्टिकल, सबमिशन आणि पेपर तपासणी चालू असते. म्हणजे विचारायची खरी वेळ दिवाळीच्या आधीची. ज्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला विचारलं त्यांची पत्रं मी सुट्टीत निवांत लिहिली आहेत. 10 डिसेंबरला आलेल्या मेलवर, सुपरव्हिजनला जायच्या आधीच्या वीस मिनिटांत लिहिलेलं पत्रही मी पाठवलेलं आहे. ते कसं झालं असेल ते सांगायला नको.

मेलमध्ये नेमकं लिहायचं काय?

सगळं या प्रश्नात आलं, म्हणून इथे जरा थांबतो.

तुम्हाला एकच सर लक्षात ठेवायचे असतात, पण सरांच्या डोक्यात दर वर्षी साठ-सत्तर नवे चेहरे येतात. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधला हुशार मुलगासुद्धा मला चेहऱ्याने आठवतो. त्याने काय केलं होतं ते आठवत नाही. पत्र लिहायला बसल्यावर मला गुण हवे नसतात, ते मार्कशीटवर आहेतच. मला हवा असतो एखादा प्रसंग. मेलने तो प्रसंग मला परत आणून दिला तर पत्राचा अर्धा भाग तिथेच तयार होतो.

एका विद्यार्थिनीचा पहिला मेल असा होता: "रिस्पेक्टेड सर, होप यू आर डुइंग वेल. आय ॲम अप्लाइंग फॉर एमएस अँड नीड युअर एलओआर. काइंडली डू द नीडफुल." खाली नुसतं नाव, ना बॅच, ना मुदत. त्या नावाच्या तीन मुली मी शिकवल्या आहेत. मी विचारलं, "यातली तू कोण?" दोन दिवसांनी तिने दुसरा मेल पाठवला. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील काढून आणि मराठीत करून तो इथे देतो.

विषय: एमएस अर्जासाठी शिफारसपत्राची विनंती, बीई मेकॅनिकल 2023, पहिली मुदत 15 डिसेंबर

"आदरणीय सर,

सादर नमस्कार. मी 2023 साली बीई झाले. तिसऱ्या वर्षाला आपण आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवलंत आणि आमच्या बॅचचं प्रॅक्टिकलही आपल्याकडेच होतं. नॅचरल कन्व्हेक्शनच्या सेटअपवर चौथ्या थर्मोकपलचं रीडिंग सारखं कमी येत होतं, तेव्हा तारांची अदलाबदल करून बघू का, असं विचारणारी ती मी.

येत्या फॉलसाठी थर्मल सायन्समधल्या एमएसला सहा ठिकाणी अर्ज करते आहे. पहिली मुदत 15 डिसेंबर, शेवटची 15 जानेवारी. लॅबमधलं माझं काम आपण स्वतः पाहिलं आहे, म्हणून त्याबद्दल आपण लिहावं अशी विनंती आहे. प्रोजेक्टबद्दल माझ्या गाइड मॅडम लिहिणार आहेत.

माझ्याबद्दल ठामपणे लिहिण्याइतकी ओळख नाही असं आपल्याला वाटलं, किंवा या दिवसांत सवड नसेल, तर मोकळेपणाने कळवावं. मी दुसऱ्या शिक्षकांना विचारू शकेन. आपला होकार आला तर मुदतींचा तक्ता, मार्कशीट आणि कामाचे मुद्दे एकाच फाइलमध्ये पाठवते. युनिव्हर्सिटीच्या लिंकही त्यानंतरच येतील.

आपली विद्यार्थिनी"

खाली पूर्ण नाव, रोल नंबर, फोन.

या मेलने केलं काय ते पाहा. विषयाच्या ओळीतच मुदत आहे, त्यामुळे मेल न उघडताही तो आधी उघडायला हवा हे कळलं. आणि ते थर्मोकपलचं वाक्य वाचताक्षणी मला अख्खी दुपार आठवली. त्या सेटअपमध्ये उभी पितळी नळी असते, आत हीटर आणि नळीवर खालपासून वरपर्यंत तापमान मोजणारे सात थर्मोकपल. नळी तापली की वर जावं तसं तापमान थोडं थोडं वाढत जातं, अगदी टोकाशी मात्र जरा घसरतं. आमच्याकडे चौथ्या बिंदूवरच खड्डा पडायचा. आधीच्या तीन बॅचनी तो आकडा तसाच लिहून खाली "मानवी चूक" असं निष्कर्षात टाकलं होतं. हिने सिलेक्टर स्विचवरच्या चौथ्या आणि पाचव्या तारा बदलून लावल्या. खड्डा पाचव्या नंबरवर सरकला. म्हणजे स्विच ठीक होता, दोष थर्मोकपलमध्येच. उघडून पाहिलं तर त्याचं टोक नळीपासून सुटून हवेत लोंबत होतं.

हे मी विसरलो होतो. मेल आला नसता तर मी "हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" लिहून मोकळा झालो असतो.

"नकार द्यायला मोकळे आहात" असं लिहिलं आणि सर खरंच नाही म्हणाले तर?

तर तुम्ही वाचलात. ज्याला तुमच्याबद्दल लिहायला काही नाही त्याचं पत्र "हा विद्यार्थी नियमित हजर असे" या पातळीवर थांबतं. अमेरिकेतल्या पत्रांत नुसती सौजन्याची स्तुती म्हणजे नापसंती असाच अर्थ लावला जातो. शिवाय पत्रासोबत बऱ्याच ठिकाणी एक तक्ता भरावा लागतो. विश्लेषणशक्ती, स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी, लेखन अशा गुणांपुढे हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत, यावर खूण करायची. ओळख नसलेला माणूस तिथे सरळ मधल्या खणात टिक करतो.

सर नाही म्हणाले तर कारण विचारू नका. "कळवल्याबद्दल आभारी आहे" एवढं लिहा आणि पुढच्यांकडे जा.

सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर कोणाला आवडत नाही. आपल्याकडे ही पद्धत इतकी रुळली आहे की कित्येक शिक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही, उलट आपण विद्यार्थ्याची सोय करतोय असंच त्यांना वाटतं.

अडचण अशी की पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहिलेलं असावं असं अनेक युनिव्हर्सिट्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट असतं, आणि ते मोडल्याचं दिसलं तर अर्ज रद्द होऊ शकतो. दिसतंही. तीन पत्रं एकाच माणसाने लिहिली की तिन्हीत तेच शब्द, तीच वाक्यांची लांबी आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत तुम्ही स्वतःबद्दल लिहिता त्या निबंधातली, तीच भाषा उतरते. आणि बाविसाव्या वर्षी कोणालाच शिक्षकाच्या नजरेतून स्वतःकडे बघता येत नाही. मुलं स्वतःबद्दल लिहायला बसली की विशेषणांचा पाऊस पाडतात. "ही बाकीच्या साठ जणांपेक्षा कुठे वेगळी होती" हे वाक्य फक्त साठ जण पाहिलेला माणूसच लिहू शकतो.

यातून निघायची एक वाट आहे. सरांना वाक्यं देऊ नका, वस्तुस्थिती द्या. उत्तर असं लिहा: "सर, पत्र आपल्याच शब्दांत असावं अशी युनिव्हर्सिटीची अट आहे. आपला वेळ वाचावा म्हणून मी कामाचे मुद्दे एका पानावर काढले आहेत. आपण म्हणाल तेव्हा येऊन पंधरा मिनिटं बसते." त्या पानावर प्रसंग, तारखा, प्रयोगाचं नाव, गुण, प्रोजेक्टमध्ये नेमका तुमचा वाटा कोणता, एवढंच असावं. "मी उत्तम नेतृत्व केलं" असं त्यात कुठेही नसावं. मुद्दे मराठीत असले तरी चालतील. समोर बसलात की सर बोलू लागतात, "हां, त्या वेळी तू ते..." आणि पत्र सुरू होतं.

तरीही सर "तूच आण" यावर अडून राहिले तर दुसरं नाव शोधा. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, कारण याच सरांकडे तुमचं टर्म वर्क असतं. शेवटच्या वर्षाला असाल तर "तिघांची नावं आधीच ठरली आहेत" असं नम्रपणे सांगून सुटका करून घ्या.

आणि सरांच्या नावाने स्वतःच ईमेल खातं उघडून पत्र अपलोड करायचा विचार कोणी देत असेल, मग ते कन्सल्टन्सीवाले का असेनात, तर तिथून उठून या. ती सरळ फसवणूक आहे. पत्र कुठल्या आयपी पत्त्यावरून चढलं याची नोंद युनिव्हर्सिटीच्या अर्जाच्या पोर्टलकडे राहू शकते.

सरांचा जीमेल दिला तर चालतं का?

पोर्टलवर तुम्ही सरांचा जो ईमेल पत्ता भरता त्यावरच त्यांना पत्र अपलोड करायची लिंक येते. तिथे जीमेल काही ठिकाणी चालतं, काही पोर्टल कॉलेजचाच पत्ता मागतात. आपल्याकडची खरी गंमत वेगळीच आहे: कॉलेजचा पत्ता असतो, पण सर तो उघडत नाहीत. म्हणून होकार आला की सरळ विचारा, "सर, लिंक कॉलेजच्या मेलवर पाठवली तर आपण पाहता ना?" माझ्या एका सहकाऱ्याच्या कॉलेजच्या मेलबॉक्समध्ये मुदत उलटून गेलेल्या चार लिंक फेब्रुवारीत सापडल्या. निवृत्त शिक्षकांकडे कॉलेजचा पत्ता राहिलेला नसेल, तर जीमेल द्या आणि पोर्टलवर जागा असेल तिथे ते कारण लिहा.

होकार आला. आता काय पाठवायचं?

एकच पीडीएफ, म्हणजे डाउनलोड एकदाच करावं लागतं. पहिल्या पानावर तक्ता: युनिव्हर्सिटी, कोर्सचं नेमकं नाव, मुदत. पुढे मुद्द्यांचं पान, मार्कशीट, रेझ्युमे आणि स्टेटमेंट ऑफ पर्पजचा कच्चा मसुदा. फाइलला `final_new2.pdf` असलं नाव देऊ नका, आडनाव आणि बॅच असू द्या.

मुदत भारतीय वेळेत लिहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची 15 डिसेंबर रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची सकाळी 10:29. पश्चिम किनाऱ्याची असेल तर 16 तारखेची दुपारी 1:29. पण सरांना द्यायची तारीख दोन दिवस अलीकडची द्या आणि खरी तारीखही शेजारी लिहा. फक्त खोटी तारीख दिलीत आणि सरांना नंतर कळलं, तर पुढच्या वर्षीच्या मुलांवर त्यांचा विश्वास बसत नाही.

सहा युनिव्हर्सिट्या असतील तर सरांना सहा वेगळ्या लिंक येतात, आणि प्रत्येक ठिकाणी ते प्रश्न, तो तक्ता पुन्हा भरावा लागतो. पत्र एकदाच लिहिलं तरी अपलोड सहा वेळा. त्यामुळे "जाता जाता अजून चार टाकतो" हे मधूनच करू नका. सगळ्या लिंक शक्यतो एकाच आठवड्यात पाठवा, म्हणजे सर एका बैठकीत उरकतात.

पोर्टलवर "पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?" असं विचारतात. काय निवडू?

हक्क सोडतो, हे निवडा. अमेरिकेत 1974 पासून फर्पा नावाचा कायदा आहे. त्यानुसार तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या फायलीतले कागद, त्यात ही पत्रंही आली, पाहता येतात. हक्क सोडला की पत्र गोपनीय राहतं आणि वाचणारा त्यावर जास्त विश्वास ठेवतो. तुम्ही काय निवडलंत ते शिफारस करणाऱ्यालाही बहुधा दिसतं. हक्क राखून ठेवलेला दिसला की माझा हात जरा आखडतो, हे कबूल करतो. म्हणूनच "सर, पत्राची एक प्रत मला द्याल का?" असंही विचारू नका.

सर म्हणतात लिंक आलीच नाही.

क्रमाने पाहा. पोर्टलवर टाकलेला ईमेल पत्ता एकेक अक्षर वाचून तपासा. निम्म्या वेळा तिथेच चूक सापडते, `gmail.com` च्या जागी `gmial.com` वगैरे. पत्ता बरोबर असेल तर सरांना स्पॅम पाहायला सांगा. हे मेल युनिव्हर्सिटीच्या यंत्रणेकडून आपोआप सुटतात, त्यामुळे तिथे हमखास अडकतात. तरीही नसेल तर पोर्टलवर आठवणीचा मेल पुन्हा पाठवायचं बटण असतं, ते दाबा आणि सरांना मेसेज करा की आत्ताच पाठवलाय. काही पोर्टल नाव टाकल्याबरोबर लिंक सोडतात, तर काही अर्ज जमा करून फी भरल्यावरच सोडतात. आपलं पोर्टल कुठल्या प्रकारचं आहे ते आधी पाहून ठेवा, नाहीतर सर वाट बघत बसतात आणि तुम्हाला वाटतं तेच उशीर करताहेत.

आठवण कशी करून द्यावी? सर रागावतील का?

पहिली आठवण मुदतीच्या दोन आठवडे आधी, दुसरी पाच दिवस आधी. जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे फाइल तिथेच खाली सापडते. मजकूर दोन ओळींचा: "सर, सहापैकी चार पत्रं जमा झालेली दिसताहेत, आभारी आहे. उरलेल्या दोन पत्रांची मुदत 20 तारखेची आहे, लिंक आज पुन्हा पाठवली आहे." कुठलं बाकी आहे हे नेमकं सांगितलं की राग येत नाही. राग येतो तो रात्री अकरा वाजता आलेल्या "सर एनी अपडेट??" या मेसेजचा. मुदतीच्या आदल्या दिवशी मात्र संकोच न करता फोन करा. आणि मुदत उलटलीच तरी हाय खाऊ नका. बऱ्याच विभागांत अर्ज वेळेत जमा असेल तर पत्र काही दिवस उशिरा आलेलं चालतं. विभागाच्या ऑफिसला मेल करून विचारून घ्या.

मेलला उत्तरच आलं नाही तर?

एक आठवडा थांबा, एकदा पुन्हा लिहा, आणखी चार दिवस द्या. तोपर्यंत दुसऱ्या नावाची तयारी ठेवा. होकार नसताना पोर्टलवर सरांचं नाव टाकू नका.

नोकरीला लागून पाच वर्षं झाली. आता कोणत्या तोंडाने विचारू?

याच तोंडाने. मेलमध्ये प्रसंगाची आठवण थोडी जास्त द्या, त्या प्रयोगाच्या फाइलचा किंवा प्रोजेक्ट रिपोर्टच्या एका पानाचा फोटो जोडा आणि मधल्या पाच वर्षांचं दोन ओळींत सांगा. अशा अर्जदारांना दोन पत्रं नोकरीतली आणि एक कॉलेजचं चालतं का, हे त्या त्या कोर्सच्या पानावर पाहा.

जर्मनी, ब्रिटनलाही हेच लागू?

जर्मनीतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत एमएस्सीला शिफारसपत्र लागतच नाही, तेव्हा कोर्सचं पान वाचल्याशिवाय सरांना त्रास देऊ नका. ब्रिटनमध्ये बहुधा दोन पत्रं मागतात. मेल लिहिण्याची रीत मात्र बदलत नाही.

मेल मराठीत लिहिला तर चालेल का?

मला चालतो. सरांशी रोज मराठीत बोलत असाल तर मराठीत लिहा. पण विषयाची ओळ, कोर्सची नावं आणि मुद्द्यांचं पान इंग्रजीत ठेवलं तर पत्र लिहिताना त्यांना उतरवून घेणं सोपं जातं. इंग्रजीत लिहिणार असाल तर "काइंडली डू द नीडफुल" तेवढं टाळा.

पत्र गेलं. आता?

त्याच दिवशी आभाराचा मेल, आणि मार्च-एप्रिलमध्ये निकाल लागले की ते कळवा, नकार आले असले तरी. थर्मोकपलवाल्या मुलीला सहापैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. तिने कळवलं तेव्हा खाली एक ओळ होती: "सर, तो थर्मोकपल बदलला का?" तोपर्यंत बदलला नव्हता. दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंटला सांगून बदलून घेतला.